उसने घेतले, पण दिले कोणी?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठेतील एका लहानशा वाचनालयाचा मी कोषाध्यक्ष होतो. कोषाध्यक्ष हा शब्द मोठा. प्रत्यक्षात काम म्हणजे वर्गणीच्या पत्र्याच्या पेटीची एक किल्ली सांभाळणे आणि महिनाअखेर चार आकडे जुळविणे. एका शनिवारी संध्याकाळी घरी अकस्मात पाहुणे उतरले. बँक सोमवारपर्यंत बंद, आणि जवळ पुरेसे पैसे नव्हते. मी वाचनालयात गेलो, पेटी उघडली, पाचशे रुपये काढून घेतले आणि त्यांच्या जागी एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर ‘उसने रु. ५००’ असे लिहून खाली तारीख घातली व सही केली. सोमवारी पैसे परत ठेवले, चिठ्ठी फाडली, आणि आपल्या चोख व्यवहाराबद्दल मनातल्या मनात थोडासा संतोषही मानून घेतला.

आमचे ग्रंथपाल एक वृद्ध गृहस्थ होते. पेटीची दुसरी किल्ली त्यांच्यापाशी असे. चिठ्ठी त्यांनी रविवारीच पाहिली असावी. मी ती फाडीत असताना चष्मा पुसत ते एवढेच म्हणाले, “अहो, उसने घेतलेत हे समजले; पण दिले कोणी?”

मला त्या गृहस्थांचा विलक्षण राग आला. दोन दिवस मी मनाशी उत्तरे जुळवीत होतो. पैसे तर परत आले होते. वाचनालयाचे एका पैचेही नुकसान झाले नव्हते. मी आठवड्याचे सहा तास विनामूल्य खर्ची घालीत होतो. चोराने कधी चिठ्ठी ठेवल्याचे कोणी ऐकले आहे काय? तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की उत्तरे माझ्यापाशी चार-पाच जमली आहेत. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत एकही नाही. वाचनालयाच्या पेटीने मला पैसे दिले नव्हते, समितीने दिले नव्हते, सभासदांनीही दिले नव्हते. घेणारा मी, देणारा मी, साक्षीदारही मीच!

आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते आत्मवंचनेविषयी. हा विषय अफाट आहे. त्याचा सगळा पसारा मांडण्याची माझी योग्यता नाही आणि तेवढा वेळही नाही. त्यातील एकच गोष्ट मी घेणार आहे. आपल्या हातून वाईट कृत्य घडते आणि मग आपण त्याचे समर्थन शोधतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पुष्कळदा समर्थन अगोदर येते, कृत्य मागाहून घडते. आणि समर्थनाचा तो शब्द हाताशी नसता, तर कृत्यही घडले नसते.

ही गोष्ट ज्याने मोठ्या चिकाटीने उजेडात आणली तो अमेरिकन समाजशास्त्रज्ञ म्हणजे डोनाल्ड क्रेसी. त्याचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. ‘दुसऱ्यांचा पैसा’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. अफरातफरीबद्दल शिक्षा भोगीत असलेल्या १३३ कैद्यांच्या त्याने तुरुंगात जाऊन मुलाखती घेतल्या. निवड करताना त्याने एक कटाक्ष पाळला होता. मुळात लुबाडण्याच्या हेतूनेच ज्यांनी नोकरी धरली, असे लोक त्याने वगळले. त्याला हवे होते ते विश्वासाची जागा प्रामाणिक मनाने पत्करलेले आणि नंतर तो विश्वास मोडलेले लोक. म्हणजे बँकेतील कारकून, जमाखर्च लिहिणारे, दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारे. थोडक्यात, तुमच्या-आमच्यासारखीच माणसे.

अशी माणसे का घसरतात याची लोकांनी ठरविलेली कारणे क्रेसीपुढे होतीच. जुगार, दारू, बाहेरख्यालीपणा, ऐपतीबाहेरचा खर्च. पण या कारणांनी गाडे पुढे सरकेना. जुगारी असूनही तिजोरीला हात न लावणारे शेकडो असतात. मग त्याने स्वतःचे तर्क मांडण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक तर्काला विरुद्ध जाणारा एक जरी कैदी भेटला तरी तो तर्क मोडून नवा बांधला. या लोकांना आपले कृत्य गैर आहे हे ठाऊकच नसावे, हा पहिला तर्क. तो फसला, कित्येकांनी स्वच्छ सांगितले, की ते गैर आहे हे आम्हांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांच्यावर काही मोठे संकट कोसळले असावे, हा दुसरा. तोही फसला, कारण काही जण म्हणाले, याहून मोठे संकट पूर्वी येऊन गेले होते, तेव्हा मात्र आम्ही पैशाला शिवलो नाही.

मला वाटते, या दुसऱ्या उत्तरापाशीच त्याला वाट सापडली. तीच माणसे, तीच तिजोरी, तशीच नड. एकदा हात आवरला आणि एकदा आवरला नाही. या दोन वेळांत फरक कोणता? क्रेसीने काढलेला निष्कर्ष असा : तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, पैशाची अशी अडचण, की जी कोणापाशी उघड करता येत नाही, कारण उघड केली तर आपली अब्रू जाईल असे त्या माणसास वाटते. दुसरी, आपल्या ताब्यातील पैशाने ती गुपचूप निवारता येईल, हे सुचणे. आणि तिसरी, विश्वासू माणूस ही आपली आपल्याविषयीची कल्पना न मोडता तो पैसा वापरता येईल, असा एखादा शब्द मनाशी सापडणे. असे शब्द अनेक निघाले. पण त्यांत पुन्हा पुन्हा जो आढळला तो एकच : ‘उसने’. मी चोरी करीत नाही, उसने घेत आहे.

हा शब्द त्या कैद्यांनी काही शोधून काढला नव्हता. तो समाजात तयारच असतो. आपल्या मराठीकडेच पाहा. हातउसने, उचल, आगाऊ, ‘पैसे फिरवले’, ‘तात्पुरते वापरले’, ‘येणे होते ते वळते करून घेतले’. यातील प्रत्येक शब्द आपापल्या जागी निर्मळ आहे. मजुराने मालकाकडून उचल घ्यावी, दुकानदाराने येणे रकमेतून देणे वळते करावे, यात वावगे काही नाही. सभ्य माणसाला फसविण्यास सभ्यच शब्द लागतो. ‘चला, आज थोडी चोरी करू’ असे स्वतःशी म्हणून पैसे घेणारा मनुष्य फार विरळा. आणि जो तसे म्हणतो तो चोर असेल, पण आत्मवंचक नव्हे.

हे प्रत्यक्षात पायरीपायरीने कसे घडते ते पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पू या. मनुष्य कल्पित आहे. त्याचा धंदा मात्र आपल्या गावोगावी चालणारा आहे. एका पतसंस्थेचा पिग्मी ठेवीचा प्रतिनिधी घ्या. रोज दुपारनंतर तो बाजारपेठेतून फिरतो, साठ दुकानदारांकडून सरासरी दोनशे रुपये गोळा करतो, प्रत्येकास पावती देतो, आणि ती बारा हजारांची रोकड व यादी दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत भरतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन लाख रुपये जमतात. शेकडा तीन दराने त्याचे कमिशन होते नऊ हजार. दहा वर्षांत एका रुपयाचा फरक नाही. दुकानदार त्याला पैसे मोजून देतात. तो मोजून घेतो की नाही याकडे मात्र कोणी पाहतही नाही.

या माणसाने बायकोचा हार गहाण ठेवून चाळीस हजार रुपये उभे केले आणि ते शेअरबाजारात घालविले. घरी त्याने सांगितले आहे, की पैसे मुदत ठेवीत सुरक्षित आहेत. हीच ती न सांगता येणारी अडचण. लक्षात घ्या, चाळीस हजारांची नड असह्य नाही. मेहुणा देईल, मित्र देतील. असह्य आहे ते तोंड उघडणे. गहाणाच्या व्याजाचे पाच हजार गुरुवारी भरावयाचे आहेत, आणि पिशवीत दुकानदारांचे बारा हजार आहेत.

तो पाच हजार बाजूला काढतो. सकाळी संस्थेत सात हजार भरतो आणि पंचवीस दुकानदारांची नावे यादीतून गाळतो. पावत्या मात्र त्या पंचवीस जणांना दिलेल्या आहेत. म्हणून शुक्रवारच्या वसुलीतील पाच हजार तो त्यांच्या गुरुवारच्या ठेवीपोटी जमा करतो. आता शुक्रवारची पाच हजारांची नावे उरतात, ती शनिवारच्या वसुलीतून भरली जातात. उद्याच्या पैशाने कालचे खड्डे बुजविण्याचा हा प्रकार हिशेबतपासनिसांना चांगला परिचित आहे. पण आपल्या गृहस्थाच्या दृष्टीने पाहा. त्याच्या मते कोणाचा एक पैसा बुडालेला नाही. प्रत्येक दुकानदाराची रक्कम खात्यात पडते आहे, फक्त एक दिवस उशिरा. त्याने आपल्या खिशातील वहीत ‘उसने ५०००’ असे लिहूनही ठेवले आहे.

महिनाअखेर कमिशन मिळते आणि तो पाच हजार भरून टाकतो. वहीतील ओळीवर काट मारतो. आपण म्हणू, बरे झाले, सुटला. माझ्या मते सगळ्यात घातक दिवस हाच. कारण ‘उसने’ या शब्दाची आज प्रचीती आली. काल तो बहाणा होता, आज तो अनुभव झाला. पुढच्या खेपेस तो शब्द शोधावा लागणार नाही. पूर्वी एकदा घेतले होते आणि फेडले होते, असा दाखलाच हाती आहे. माझ्या पाचशे रुपयांनी मी सोमवारी नेमका असाच दाखला मिळविला होता, आणि ग्रंथपालांच्या एका वाक्याने तो निरुपयोगी केला.

दुसऱ्या खेपेस वीस हजार निघतात. कमिशन नऊच हजार आहे, तेव्हा एका महिन्यात ते फिटत नाहीत. मग तिसरी खेप. तूट साठ हजारांवर जाते, म्हणजे पुरी पाच दिवसांची वसुली. आता प्रत्येक पावती खात्यात पाच दिवस उशिरा उमटते. आणि या सुमारास दोन लहान बदल होतात. वहीत नोंद करणे थांबते. ते आळसाने थांबले असे तो स्वतःस सांगेल. वस्तुतः बेरीज दिसू लागल्यावर ‘उसने’ हा शब्द टिकत नाही, म्हणून बेरीजच दृष्टीआड होते. दुसरा बदल शब्दाचा. संचालकांच्या नातलगांस तारणावाचून कर्जे मिळतात. मी उन्हातान्हात वणवण करतो आणि मला शेकडा तीन! या पैशावर माझा काही हक्क नाही काय? ‘उसने’ गेले, ‘वळते करून घेतले’ आले. संचालकांविषयीची तक्रार कदाचित खरीही असेल. पण ती दहा वर्षे असताना तिने त्याला पिशवीतून एक रुपया काढू दिला नव्हता. तूट वाढली तेव्हाच तिची आठवण झाली.

साठ हजार रुपयांची अफरातफर करावी असा निश्चय या माणसाने कधीच केला नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याने फक्त एका गुरुवारी पाच हजारांचा निर्णय घेतला, आणि पुढे अनेकदा तेवढ्याचाच. क्रेसीचे कैदीही सांगत, की आपण फार खोल पाण्यात शिरलो हे एक दिवस एकाएकी कळले, आणि त्या दिवशी तो जुना शब्द गळून पडला. म्हणजे सत्य त्यांना अगदी अज्ञात होते असे नव्हे. ते कोठेतरी बाजूला उभे होते.

येथे एक जुनी शंका उपस्थित होते. दुसऱ्याला फसविता येते, कारण मला ठाऊक असलेले त्याला ठाऊक नसते. स्वतःला कसे फसविणार? फसविणाराही मीच आणि फसणाराही मीच असलो, तर एकाच वेळी मला ठाऊक असावे आणि नसावे, हे संभवते कसे? तत्त्ववेत्त्यांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे. मला त्यापेक्षा एका साध्या प्रयोगाने अधिक उमज पडली.

लहानपणी आपण खेळात राज्य कोणावर हे ठरविताना खापराच्या एका बाजूस थुंकी लावून ‘ओली की सुकी’ करीत असू. पुढे त्याच कामासाठी नाण्याचा छापा-काटा आला. कॅन्सस विद्यापीठातील डॅनिएल बॅटसन आणि त्याचे सहकारी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अशाच नाणेफेकीचा आहे. एकेका विद्यार्थ्यास एकट्याला खोलीत बसवून सांगत, की कामे दोन आहेत. एका कामात बक्षिसाच्या सोडतीची तिकिटे मिळतील. दुसरे कंटाळवाणे असून त्यात काहीच मिळणार नाही. एक काम तुम्ही करावयाचे, एक दुसऱ्या कोणा अनोळखी विद्यार्थ्याने. कोणते कोणास, हे तुम्हीच ठरवा. तो तुम्हांस कधी भेटणार नाही, आणि वाटणी दैवाने झाली असेच त्याला वाटेल. बहुतेकांना नाणे उडवून ठरविणे न्याय्य वाटते असेही त्यास कळविलेले असे, आणि नाणे तेथेच ठेवलेले असे.

एका प्रयोगातील वीस जणांपैकी दहा जणांनी नाणे उडविले. दैवाच्या नियमाने त्यांच्यातील सुमारे पाच जणांना चांगले काम मिळावयास हवे होते. मिळाले नऊ जणांना! नाणे इतके पक्षपाती असत नाही. काही जणांनी कौल विरुद्ध पडताच तो मानला नाही, हे उघड आहे. आणि तरीही नाणे उडविणाऱ्यांनी आपल्या वाटणीची नीतिमत्ता ठरविताना, नाणे न उडविता चांगले काम घेणाऱ्यांपेक्षा स्वतःस बरेच अधिक गुण दिले. नाणे उडविले ना, मग झाले!

छापा कोणाचा आणि काटा कोणाचा हे अगोदर ठरविले नसेल, अशी पळवाट राहू नये म्हणून पुढे नाण्याच्या दोन्ही बाजूंवर कोणास कोणते काम हे लिहून पाहिले. तरी फारसा पालट झाला नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील प्रयोगांत एक युक्ती मात्र लागू पडली. विद्यार्थ्याच्या समोर आरसा ठेवला, की नाणे उडविणाऱ्यांची वाटणी अर्ध्याअर्ध्यावर आली. आरशाने त्यांना नवीन माहिती काहीच दिली नाही. आरशात दिसते ते आपलेच तोंड. पण त्या तोंडासमोर ‘हा कौल मोजायचा नाही, पुन्हा एकदा उडवू’ असे म्हणणे जड गेले असावे. हे प्रयोग एका विद्यापीठातील मोजक्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, त्यांच्यावर मोठा इमला बांधू नये. परंतु वरील शंकेचे उत्तर त्यांत मला दिसते. स्वतःला फसविण्यासाठी असत्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. सत्य विचारले जाण्यापूर्वी तेथून निघून जाणे पुरते. पहिल्या कौलानंतर लगेच दुसरी नाणेफेक, वहीत बेरीज न करणे, ‘दिले कोणी’ हे न विचारणे, या सगळ्यांचा मासला एकच.

आपल्याकडे या प्रकाराचे सर्वांत थोर उदाहरण महाभारतात आहे, आणि तेही धर्मराजाचे. द्रोणाचार्यांच्या हातचे शस्त्र सुटावे म्हणून अश्वत्थामा मारला गेला असे त्याने मोठ्याने सांगितले, आणि मेलेला हत्ती आहे हे हळूच पुटपुटला. त्या पुटपुटण्याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ते द्रोणांसाठी नव्हतेच; त्यांना ते ऐकू जाऊ नये हीच तर योजना होती. ते एकाच श्रोत्यासाठी होते, आणि तो श्रोता युधिष्ठिर. आपण असत्य बोललो नाही, असे त्याला पुढे स्वतःस सांगता यावे म्हणून. व्यासांनी मात्र ते मान्य केले नाही. त्याचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ त्याच क्षणी जमिनीला टेकला.

आता कृत्यानंतर मनाचे काय होते तेही थोडक्यात पाहू. जडसन मिल्स याने १९५८ साली शाळेतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाचणीत लबाडी करण्याविषयी मुलांची मते अगोदर विचारून ठेवली, नंतर बक्षिसाच्या आशेने लबाडी करण्याची संधी मिळेल अशी चाचणी घेतली, आणि पुन्हा मते विचारली. ज्यांनी लबाडी केली त्यांचा कल आता ‘त्यात एवढे काय?’ असे म्हणण्याकडे झुकला. ज्यांनी मोह आवरला ते मात्र पूर्वीपेक्षा कडक झाले. सुरुवातीस ज्यांची मते जवळपास सारखी होती अशी मुलेही या रीतीने एकमेकांपासून दूर गेली. म्हणजे कृत्य हे केवळ मताचे फळ नसते; ते मताला वाकवितेही. आपला तो बाब्या ठरतो तो असा, आणि बाब्याने एकदा केले की त्या गोष्टीसंबंधीचा कायदाच बदलतो.

क्रेसीच्या संशोधनाला एक उणेपणा आहे, तो सांगितला पाहिजे. त्याच्या साक्षीदारांनी हकिगती सांगितल्या त्या पकडले गेल्यावर, तुरुंगात बसून. मी ‘उसने’ घेत होतो, हे खरोखर त्या गुरुवारी मनात आले होते, की कोठडीत आल्यावर गुरुवारात नेऊन बसविले? ज्या मनाविषयी आपण बोलतो आहोत त्याच मनाची ही साक्ष असल्यामुळे हा संशय पूर्णपणे कधीच फिटणार नाही. शिवाय, न सांगता येणारी अडचण प्रत्येक वेळी असतेच असेही नाही. माझ्या प्रकरणात पाहुणे आणि बंद बँक यांपलीकडे काही नव्हते. तथापि शब्द अगोदर येतो, हे मी माझ्यापुरते साक्षीवाचून सांगू शकतो. चिठ्ठी मी पैसे काढण्यापूर्वी लिहिली होती.

मग उसने खरे की खोटे हे ओळखावे कसे? प्रत्येक सबब ही आत्मवंचना नव्हे. अडचणीत माणसे खरोखर उसने घेतात आणि आपद्धर्म म्हणूनही काही असतो. मला उपयोगी पडलेल्या खुणा दोन-तीनच आहेत. खऱ्या उसनवारीत देणाऱ्याला ठाऊक असते. ज्या उसनवारीचे यश देणाऱ्याला न कळण्यावर अवलंबून आहे ती उसनवारी नव्हे. दुसरी खूण, समर्थन बदलत जाते. प्रथम उसने, मग हक्काचे, मग सगळेच करतात. कारण खरे असते तर एकावर भागले असते. तिसरी जरा चमत्कारिक आहे : साध्या प्रश्नाने येणारा राग. खोटा आरोप झाला तर माणूस चकित होतो, खुलासा करतो. ‘दिले कोणी?’ एवढ्या तीन अक्षरी-चार अक्षरी प्रश्नाने मी दोन दिवस धुमसत होतो, याचा अर्थ तो प्रश्न योग्य ठिकाणी लागला होता.

आपण स्वतः या खुणा ऐन वेळी पाहू, यावर माझा फारसा भरवसा नाही. ऐन वेळी पाहणारे ते नसतातच. म्हणूनच व्यवहारी लोकांनी आरसे बाहेर टांगून ठेवले आहेत. पुष्कळ पतसंस्थांनी आता पिग्मी प्रतिनिधीच्या हाती लहान यंत्र दिले आहे; पैसे घेतल्याबरोबर दुकानदाराच्या मोबाइलवर रकमेचा संदेश जातो, आणि पाच दिवसांचा तो बोळच बंद होतो. जेथे अद्याप कागदी पावत्या आहेत तेथे जाणता तपासनीस मधूनमधून चार दुकानांत जाऊन पावतीची तारीख आणि खात्यातील तारीख ताडून पाहतो. आणि जो कर्मचारी वर्षानुवर्षे एक दिवसही रजा घेत नाही, त्याचे कौतुक करण्यापूर्वी थोडे थांबतो. कारण आदल्या दिवसाचे खड्डे ज्याला रोज बुजवावयाचे आहेत, त्याला आजारी पडणेही परवडत नाही. त्याच्या जागी दुसरा मनुष्य दोन दिवस फिरला, की यादी बोलू लागते. काही बँका सक्तीची रजा देतात ती याच कारणाने. या व्यवस्थांचा प्रामाणिक माणसांना अपमान वाटतो, हे मी पाहिले आहे. वास्तविक त्या मुख्यतः प्रामाणिक माणसांसाठीच आहेत. पक्क्या चोराला ‘उसने’ या शब्दाची गरज नसते.

आमच्या वाचनालयाने त्या वर्षी पेटीला दुसरे कुलूप लावले, आणि दोन कुलपांच्या किल्ल्या दोघांकडे राहिल्या. ती सूचना समितीपुढे मीच मांडली होती. कारण काय म्हणून विचारले तेव्हा मी सांगितले, की एखादी किल्ली हरवली तर चोराच्या हाती पेटी लागू नये. ग्रंथपाल समोर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ठरावाला अनुमोदन दिले.